भावाने बहिणीकडे राहायला जावे काय?

ताईच्या पत्राला सरांनी उत्तर दिले नव्हते. विसरले होते असे मुळीच नाही. पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवले होते, आणि शब्दकोश तर ते सारखा उघडत. त्यामुळे कुठलाही शब्द शोधायला गेले की आधी ताई भेटे, आणि मग सर घाईघाईने पान उलटत.

पत्र छोटेच होते. ताईला पाल्हाळ कधी जमलाच नाही. 'वरची खोली रिकामी झाली आहे. तू एकटा, मी एकटी. राहायला येतोस का? तुमच्या सराव परीक्षा आटोपेपर्यंत कळव. एक ट्रम्पेट वाजवणारे गृहस्थ खोली मागत आहेत. माणूस सज्जन आहे, पण रोज वाजवतो.'

सर निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती. पण दहावीच्या निबंधाला दुसरे कोणी हात लावायला तयार होईना, म्हणून शाळेने त्यांना धरून ठेवले होते. वर्गात शिरताना ते अजूनही दाराशी क्षणभर थांबत, आपण चुकीच्या खोलीत तर आलो नाही ना, अशा चेहऱ्याने. मुले त्यांना पाठीमागे 'तथापि सर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांना ते आवडे. तथापि, ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. आधी आराखडा. वर विषय, खाली आपली भूमिका एका वाक्यात, तिच्याखाली तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे दाखला. मग विरुद्ध बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे, आणि त्याला आपले उत्तर. शेवटी समारोप. आराखडा झाल्यावर प्रत्येक मुद्द्याचा एक परिच्छेद, आणि परिच्छेदाच्या तोंडाशी विषयवाक्य.

"विषयवाक्य म्हणजे दारावरची पाटी," सर म्हणत. "पाटीवर शिंपी लिहिलंय आणि आत दात उपटतात, असं व्हायला नको."

त्यानंतर जोडशब्द. फळ्याशेजारी सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला तक्ता टांगला होता. भर घालायची असेल तर शिवाय, तसेच, त्याचबरोबर. विरोध दाखवायचा तर परंतु, मात्र, याउलट, तथापि. कारण आणि परिणाम यांसाठी कारण, म्हणून, त्यामुळे, परिणामी. दाखल्यासाठी उदाहरणार्थ. समोरच्याचे थोडे मान्य करून पुढे जायचे असेल तर हे खरे असले तरी. आवरते घ्यायला थोडक्यात, एकंदरीत.

तर ताईला उत्तर लिहायचे म्हणून सर एका रविवारी टेबलाशी बसले आणि त्यांनी, जन्माची सवय, आधी आराखडा केला. वर विषय लिहिला : 'भावाने बहिणीकडे राहायला जावे काय?' डावीकडे अनुकूल मुद्दे, उजवीकडे प्रतिकूल मुद्दे. दोन्ही बाजू छान भरल्या. विरुद्ध मत भरले, त्याचे खंडन भरले, खंडनाचेही खंडन सुचले म्हणून समासात भरले. भूमिकेची जागा तेवढी कोरी राहिली. भूमिका काही केल्या सुचेना. वर्गात कोणी भूमिका कोरी ठेवली असती तर सरांनी त्याला हळूच, पण नक्की, परत पाठवले असते.

सोमवारी त्यांनी कारकुनाला छायाप्रती काढायला कागद दिला आणि तासाला गेले. कारकुनाने प्रती काढल्या आणि वर्गात वाटल्या. सर खडू शोधत होते. वळून बघतात तो पुढच्या बाकावरचा चष्मेवाला मोठ्याने वाचत होता, "भावाने बहिणीकडे राहायला जावे काय?"

द्यायचा होता तो 'शाळेत गणवेश असावा काय?' हा आराखडा. तो सरांच्या घरी, टेबलावर, शब्दकोशाखाली होता.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पोरांनो, चुकून दिलाय, परत करा. सरांना ते शक्य नव्हते. परत करा म्हटले की का, असे कोणीतरी विचारणार. का म्हटले की सांगावे लागणार. आणि सांगण्यापेक्षा सरांना खिडकीतून उडी मारणे सोपे वाटले असते. वर्ग तळमजल्यावर होता म्हणून त्याचाही काही उपयोग नव्हता.

"हा सरावाचा आराखडा आहे," ते खडूकडे बघत म्हणाले. "भूमिका मुद्दाम कोरी सोडली आहे. ती तुम्ही भरायची."

मागच्या बाकावर एक मुलगी बसे. तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण ती प्रश्न विचारताना उभी राही आणि उत्तर मिळाल्यावर बसत नसे.

"सर, भावाला बायको आहे का?"

"नाही."

"आराखड्यात तसं लिहिलेलं नाही."

"असती तर मुद्द्यांत आली असती."

"ते पटलं," वकीलबाई म्हणाली. "आता जिन्याचं सांगा. प्रतिकूल मुद्दा दुसरा. भावाची पुस्तकांची कपाटं बहिणीच्या जिन्यातून वर जाणार नाहीत. किती कपाटं आहेत?"

"बरीच."

"मग थोडी पुस्तकं टाकून द्यावीत की."

सरांच्या हातातला खडू मोडला. "हा मुद्दा," ते म्हणाले, "तुम्ही खंडनात घेऊ शकता."

"आणि सर, प्रतिकूल मुद्दा तिसरा," चष्मेवाला म्हणाला. "बहीण चहा फार गोड करते. हा काय मुद्दा झाला? साखर कमी घाल म्हणायचं."

"भाऊ भित्रा असेल," कोणीतरी म्हणाले.

"भित्रा नाही, आळशी आहे. पाचवा मुद्दा वाचा. निरवानिरव करावी लागेल. निरवानिरव म्हणजे काय, सर?"

सरांनी निरवानिरव म्हणजे काय ते समजावून सांगितले. सांगताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला.

तास संपायच्या आत वर्ग दोन तट पडून भांडत होता. गणवेशावर ही मुले तीन वर्षे निबंध लिहीत होती आणि कोणी मान वर करून बघत नव्हते.

मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. त्या दाराशी थांबल्या, ऐकत राहिल्या आणि मधल्या सुट्टीत सरांच्या टेबलाशी आल्या. बाई सरांहून वयाने लहान, पण त्या आल्या की सर उभे राहत.

"बसा हो. हा विषय कुठून काढलात?"

"असाच सुचला."

"झकास आहे. गणवेश, मोबाइल, वाचनाचे महत्त्व, हे सगळं पोरांना तोंडपाठ आहे. हा नवा आहे. संस्थेच्या सगळ्या शाळांना सराव परीक्षेला हाच देऊ."

"सगळ्या शाळांना?" सर म्हणाले. संस्थेच्या शाळा गावोगाव होत्या. ताईच्या गावातही एक होती.

"सगळ्यांना. आराखडा प्रश्नपत्रिकेत छापू, तुमच्या जोडशब्दांची यादीही आधीच पाठवून देऊ. फक्त तुम्ही तपासणाऱ्यांसाठी आदर्श उत्तर लिहून द्या."

"आदर्श उत्तराला भूमिका लागेल."

"लागेलच की."

"बाई, कुठल्याही बाजूने लिहिलं तरी पूर्ण गुण मिळतात. भूमिका कोणती याला गुण नाहीत, ती कशी मांडली याला आहेत."

"ते मला माहीत आहे, सर. पण आदर्श उत्तर एकाच वेळी जा आणि जाऊ नको म्हणू शकत नाही ना?"

बाई त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या आणि मग घंटा झाली म्हणून निघून गेल्या.

पहिल्या गठ्ठ्यातल्या वह्या सरांनी घरी आणल्या. निबंध चांगले होते म्हणावे तर होते. भूमिका ठाम होत्या. एकाने लिहिले होते, 'भावाला दाढदुखी आहे, परिणामी बहीण दुसऱ्या गावी राहते.' सरांनी 'परिणामी'खाली रेघ मारून नेहमीचा शेरा लिहिला : 'जोडशब्द नाते दाखवतो, नसलेले नाते निर्माण करत नाही.' दुसरीने विषयवाक्य केले होते, 'सर्वप्रथम, भावाचा स्वयंपाक हा समाजापुढील प्रश्न आहे.' तिच्या घराची भिंत सरांच्या भिंतीला लागून होती, आणि करपल्याचा वास भिंतीपलीकडे जातो हे सरांना त्या दिवशी कळले. वकीलबाईने लिहिले होते, 'काही जण म्हणतील की भावाला आपली शाळा सोडवत नाही. हे खरे असले तरी, शाळेला भाऊ सोडवत नाही म्हणून भावाने आयुष्यभर दहावीतच बसावे काय?' सरांनी तिला खंडनाचे पूर्ण गुण दिले आणि उठून पाणी प्यायले.

मग हे प्रकरण वर्गाबाहेर गेले. केस कापायला सर गेले, तर न्हावी मानेभोवती कापड गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "आमचा पोरगा प्रतिकूल आहे."

"कशाला?"

"भावाने जाण्याला. त्याचा मुद्दा काय, की भाऊ गेला तर त्याचे केस कोण कापणार? इतक्या वर्षांचं डोकं आहे. नवा माणूस भोवऱ्यावर कात्री घालेल आणि उभे राहतील केस. मी म्हटलं, घे मुद्दा. मान खाली, सर."

सरांच्या टाळूवर भोवरा होता. ते मान खाली घालून बसले. बाकावर आपली पाळी येण्याची वाट बघणारा एक जाडसर माणूस वर्तमानपत्रामागून म्हणाला, "भोवऱ्यासाठी कोणी बहीण सोडतं का?"

"भोवरा हा दाखला आहे," न्हावी म्हणाला. "मुद्दा सवयीचा आहे. आधी मुद्दा, मग दाखला. सर सांगतील."

"बरोबर आहे," सर कापडाआडून म्हणाले.

पालकसभेत तर कमालच झाली. विषयपत्रिकेवर गळणारा नळ होता, सहलीची संमती होती. पण कोणा आईने सहज म्हटले की भावाने जावे, आणि सभा तिथून हललीच नाही. एक आजोबा म्हणाले, बहिणीचे घर ते बहिणीचे घर, भावाने पाहुण्यासारखे राहावे लागते. एक आई म्हणाली, का, भावाच्या घरी बहीण राहते तेव्हा ती काय करते? शेवटी एकाने ठराव मांडला की बहिणीने खोली उगाच अडवून न ठेवता भावाला मुदत घालून द्यावी. ठराव मंजूर झाला. नळाचे राहूनच गेले. सर मागच्या रांगेत, सहलीच्या संमतिपत्रांचा गठ्ठा छातीशी धरून बसले होते. ठरावाच्या बाजूने हात वर करायचा की नाही, हे ठरेपर्यंत मोजणी संपली.

त्यांची एकच समजूत होती की भाऊ म्हणजे कोण, हे कोणालाही माहीत नाही. या समजुतीच्या आधारावर ते रस्त्याने चालू शकत होते.

सराव परीक्षा झाली. संस्थेचा नियम असा की एका शाळेच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेने तपासायच्या. कारकुनाने गठ्ठा आणून सरांपुढे ठेवला. वरच्या कागदावर ज्या गावाचे नाव होते ते वाचून सरांनी चष्मा काढून पुसला. ताईचे गाव.

बाई दारातूनच म्हणाल्या, "आदर्श उत्तर अजून आलं नाही, सर."

"होतंय."

"संपत आलं की काय म्हणायचं?"

"सुरुवात राहिली आहे."

सर रिकाम्या वर्गात जाऊन तपासायला बसले. दुपारचे ऊन बाकांवर पडले होते. त्यांची गुणांची विभागणी ठरलेली होती : भूमिकेला, मुद्दे आणि दाखल्यांना, परिच्छेदांच्या रचनेला, खंडनाला, जोडशब्दांना आणि भाषेला वेगवेगळे गुण. प्रत्येक निबंध ते आधी एका खास रीतीने वाचत. फक्त विषयवाक्ये वाचायची, एकामागून एक. नुसत्या त्या वाक्यांवरून म्हणणे कळले तर निबंध उभा आहे. मग आतले दाखले वाचायचे आणि बघायचे की ते पाटीशी इमान राखतात का.

गठ्ठ्याच्या मध्यावर एक उत्तरपत्रिका निघाली. तिच्यावर आसन क्रमांकाच्या चौकटीत लिहिले होते : 'शेजारच्या मुलीच्या उत्तरपत्रिकेसोबत. मला कोणी आसन दिले नाही.'

अक्षर बघून सरांचा लाल पेन हातातच राहिला. हे अक्षर त्यांनी आयुष्यात सर्वांत आधी पाहिले होते. पाटीवर 'क' काढून दाखवणारे, आणि चुकला की हातावर टपली मारणारे.

त्यांनी सवयीने फक्त विषयवाक्ये वाचली.

'भावाने बहिणीकडे राहायला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.'

'पहिली गोष्ट अशी की, भावाला काही ठरवता येत नाही.'

'त्याचबरोबर, बहिणीला एकटे राहण्याची चांगली सवय झाली आहे.'

'शिवाय, वरची खोली भावाच्या उपयोगाची नाही.'

'थोडक्यात, खोली ट्रम्पेटवाल्या गृहस्थांना द्यावी.'

चौकट पक्की होती. म्हणणे स्पष्ट होते. ताई जे करते ते नीट करते, यादी हातात आली की यादीतले सगळे वापरते. तिने ठरवले होते. सरांनी खूप वेळ खिडकीकडे बघितले आणि मग, तपासनीस असल्यामुळे, पहिल्या परिच्छेदापासून वाचायला घेतले.

'पहिली गोष्ट अशी की, भावाला काही ठरवता येत नाही. उदाहरणार्थ, लहानपणी त्याला बूट घ्यायला नेले असता तो दुकान बंद होईपर्यंत दोन जोड्यांकडे बघत उभा राहिला. दुकानदाराने दिवे घालवले. परिणामी तो जुन्याच बुटांत घरी आला. तेव्हा बहिणीने आपल्या वाढदिवसाचा फ्रॉक नको म्हणून सांगितले आणि दोन्ही जोड्या आणायला लावल्या.'

दोन्ही जोड्या सरांना आठवत होत्या. फ्रॉकचे मात्र त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. त्यांनी समासात बारीक प्रश्नचिन्ह काढले. दाखला अर्ध्यापर्यंत पाटीशी प्रामाणिक होता. शेवटचे वाक्य दुसरेच काही सांगत होते.

'त्याचबरोबर, बहिणीला एकटे राहण्याची चांगली सवय झाली आहे. उदाहरणार्थ, ती रोज दोन कप चहा करते. दुसरा कप गार होतो. म्हणून तो तिला नंतर गरम करून प्यावा लागतो. तसेच वर्तमानपत्रातले शब्दकोडे ती अर्धे सोडवून ठेवते, उरलेले शब्द तिला येत नाहीत म्हणून नव्हे.'

सरांनी दुसरे प्रश्नचिन्ह काढले.

'शिवाय, वरची खोली भावाच्या उपयोगाची नाही. तिला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे, त्यामुळे सकाळी वाचायला दिवा लागत नाही. जिना अरुंद होता. म्हणून बहिणीने सुताराला बोलावून जिन्याचा कठडा काढून घेतला. आता पुस्तकांचे कुठलेही कपाट वर जाईल. परंतु कठडा नसल्याने बहिणीला भिंत धरून चढावे लागते. कठडा परत लावावा काय, असे सुतार सारखा विचारतो.'

मग विरुद्ध मत. 'काही लोक म्हणतील की भाऊ लाजाळू आहे, त्याला पत्र लिहायला वेळ लागतो. हे खरे असले तरी, ट्रम्पेटवाल्यांनी लगेच कळवले. याउलट भावाने आपला निर्णय दहावीच्या मुलांकडून मागवला. शेजारच्या मुलीने मला आराखडा दाखवला तेव्हा चहाच्या मुद्द्यावरून मी तो ओळखला. माझा चहा गोड असतो हे त्याने छापून आणले. तथापि मी साखर कमी करून पाहिली आहे.'

वर्गाचे दार ढकलून वकीलबाई आत आली. तिची वही वर्गात राहिली होती. सरांचा चेहरा बघून ती दाराशीच थांबली.

"सर, कठीण पेपर आहे का?"

"रचना चांगली आहे," सर म्हणाले. "पण एक अडचण आहे. समज, विषयवाक्य म्हणतं की जाऊ नये, आणि खालचे सगळे दाखले म्हणतात जावे. तर गुण कसे द्यायचे?"

वकीलबाईने विचार केला. "तुम्हीच सांगितलंय की. पाटी आणि दुकान जुळत नसेल तर पाटी बदलायची. दुकान कसं बदलणार? माल तर आत आहे."

"असं मी सांगितलं होतं?"

"तीन वेळा." ती वही घेऊन निघाली आणि वळून म्हणाली, "सर, मी जावे या बाजूने लिहिलं होतं. तुम्हाला राग नाही ना आला?"

"मला कशाला राग येईल?"

"नाही, असंच," वकीलबाई म्हणाली आणि पळाली.

सरांनी खिशातून आपला मूळ आराखडा काढला. घडीवर घडी पडून तो फाटायला आला होता. त्यांनी तो कुणा विद्यार्थ्याचा असावा तसा तपासायला घेतला. प्रतिकूल मुद्दा दुसरा : कपाटे जिन्यातून जाणार नाहीत. दाखला आता खोटा. तिसरा : चहा गोड असतो. दाखला आता खोटा. चौथा : भावाला शाळेची सवय आहे. वकीलबाईने खंडन केलेले, पूर्ण गुणांसकट. पाचवा : निरवानिरव करावी लागेल. हा मुद्दा नव्हता, नुसते काम होते. पहिला मुद्दा त्यांनी शेवटी वाचला : 'बहिणीने केवळ दयेपोटी बोलावले असेल.' त्याच्यापुढे दाखल्याची जागा कोरी होती. ती इतके दिवस कोरी होती आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी त्यांनी ती आत्ता पाहिली. त्यांनी मुद्द्यावर लाल काट मारली. मग भूमिकेच्या ओळीवर एक शब्द लिहिला, आणि खाडाखोड झाली नाही याचे त्यांनाच नवल वाटले.

आता ताईची उत्तरपत्रिका. गुण देताना सर कोणाची भीड ठेवत नसत, आणि ताईने तपासायला पाठवली होती म्हणजे तिला तपासून हवी होती. जोडशब्द : पूर्ण. भाषा : पूर्ण. परिच्छेदांची रचना : पूर्ण. विरुद्ध मत आणि खंडन : पूर्ण, वर शाबासकी. मुद्दे आणि दाखले या सदरात मात्र त्यांनी सपशेल शून्य दिले आणि खाली शेरा लिहिला : 'दाखले अस्सल आहेत, पण ते भूमिकेच्या विरुद्ध बाजूचे आहेत. दाखले तसेच ठेवून भूमिका बदलावी.'

शून्य बघून ताई कडाडणार, हे त्यांना माहीत होते. त्यांनी शून्य खोडले नाही.

कारकून गठ्ठा न्यायला आला. त्याने उत्तरपत्रिका मोजल्या. "सर, एक पेपर कमी भरतोय."

"तो माझा आहे," सर म्हणाले.

"बरं," कारकून म्हणाला. त्याने काहीच विचारले नाही, याचे सरांना वाईटही वाटले आणि बरेही वाटले.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत जाताना सर दाराशी नेहमीप्रमाणे थांबले. मग आत गेले. बाईंनी वर बघितले.

"आदर्श उत्तराची भूमिका ठरली," सर म्हणाले. "जावे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हुश्श. मग नव्या वर्षी निबंध घ्यायला माणूस बघायला लागते. जाहिरात लिहून ठेवलीय, तारीख तेवढी घालायची राहिली होती."

सर उभेच होते. "म्हणजे तुम्हाला..."

"सर, पुस्तकांची कपाटं, एकटा भाऊ आणि समासात खंडनाचं खंडन. या गावात असा भाऊ दुसरा कोण आहे? पालकसभेत ठराव कोणासाठी झाला असं वाटलं तुम्हाला? लोकांना तुम्हाला तोंडावर सांगायचा संकोच वाटत होता, म्हणून सगळे भाऊ भाऊ म्हणत होते."

"न्हावीसुद्धा?"

"त्याचा मुलगा फार वाईट वाटून घेणार आहे."

सर खुर्चीत बसले, बाईंनी बसा न म्हणताच. "मी म्हणत होतो," ते म्हणाले, "जोडशब्दांचा तक्ता वर्गातच राहू द्या."

"तो कोणी न्यायचा म्हटला तरी पोरं नेऊ देणार नाहीत. त्यांनी त्यात भर घातलीय. तुम्ही बघितलं नाही वाटतं."

जाता जाता सरांनी वर्गात डोकावून बघितले. तक्त्याच्या तळाशी, आवरते घेण्याच्या शब्दांच्या रांगेत, कुणीतरी पेनने लिहिले होते : 'येतो.'

हा जोडशब्द नव्हे, असे सर मनात म्हणाले. चुकीच्या रांगेत आहे. पण पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

त्यांनी ताईच्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतले. 'प्रिय ताई, मी येतो. ट्रम्पेटवाल्यांना नाही म्हणून सांग. कठडा कपाटे वर गेल्यावर लावू, तोवर तू जिना चढू नकोस.' पुढे 'कारण' असे लिहून ते थांबले. कारणे पुष्कळ होती, पण एकेक नीट मांडायची तर आराखडा करावा लागला असता. त्यांनी 'कारण' तसाच ठेवला, पुढे पूर्णविराम दिला आणि कागद पाकिटात घातला.

टपाल कार्यालयाच्या खिडकीशी बसणारा माणूस दहावीतल्या चष्मेवाल्याचा बाप होता. त्याने पाकीट वजनकाट्यावर ठेवले.

"जाड आहे. काय आहे आत?"

"उत्तर आहे," सर म्हणाले.

"बहिणीला?"

सरांनी मान हलवली.

"अनुकूल की प्रतिकूल?"

"अनुकूल."

"आमचा जिन्यावरून प्रतिकूल होता. हरला म्हणायचा," तो माणूस म्हणाला आणि तिकीट चिकटवू लागला. "आणि जिन्याचं काय झालं?"

"तिने कठडा काढला."

टपालवाल्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने तिकिटावर अंगठा जरा जास्त दाबून धरला, पाकीट परत सरांच्या हातात दिले आणि म्हणाला, "तुम्हीच टाका, सर. पेटी दाराशीच आहे."

सर दाराशी गेले. पेटीसमोर ते थांबले, सवयीप्रमाणे. मागे एक बाई पाकीट घेऊन उभी होती. सरांनी एकदा पत्ता वाचला, बरोबर होता. त्यांनी पाकीट फटीत सरकवले, ते अडकले म्हणून कोपऱ्यावर बोटाने ढकलले, आणि ते आत पडल्याचा आवाज ऐकून मागच्या बाईला वाट करून दिली.